पेपर डिलीट करा, पण आधी थांबा

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळले ते गाळलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

आजचा भाग जरा वेगळा आहे, कारण आज मी पाहुणी-बिहुणी कुणी बोलावलेली नाही. मला स्वतःचीच एक चूक सांगायचीये.

ऑक्टोबरचा दुसरा रविवार, दिवाळी आठवड्यावर आलेली. आमच्या घरी संध्याकाळी वहिनी भाकऱ्या थापत होती आणि तिचा फोन माझ्या हातात होता. पुतणी आठवीत आहे. तिच्या वर्गाचा पालकांचा ग्रुप आहे, 58 माणसांचा. वहिनीला पिठाच्या हाताने फोन घेता येत नाही, म्हणून "बघ गं काय आलंय" असं चाललेलं असतं. तर रात्री 9 वाजून 20 मिनिटांनी त्या ग्रुपवर शाळेच्या लेटरहेडवरची एक सूचना आली. शब्द साधारण असे होते:

"सर्व पालकांना कळविण्यात येते की, इयत्ता 8 वी प्रथम सत्र विज्ञान विषयाची प्रश्नपत्रिका काही पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रसारित झाल्याचे निदर्शनास आले आहे. सदर प्रश्नपत्रिका आपल्या मोबाइलमधून व सर्व ग्रुपमधून त्वरित डिलीट करावी. ज्या विद्यार्थ्यांकडे अथवा पालकांकडे ती आढळेल त्यांच्यावर कारवाई करण्यात येईल व विद्यार्थ्यास परीक्षेस बसू दिले जाणार नाही. आदेशावरून, मुख्याध्यापक."

विज्ञानाचा पेपर दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी. खाली पाच मिनिटांत तीस-पस्तीस नमस्काराचे हात आणि "ओके सर". वहिनीच्या फोनवरून मीही "ओके सर" टाकलं.

आता थोडं मागे जाऊया, कारण ही सूचना यायच्या आधीच मी माझं काम करून बसले होते.

तो फोटो ग्रुपवर आला 7 वाजून 42 मिनिटांनी. छापील पेपर, जरा तिरका काढलेला, कोपऱ्यात सतरंजीचा तुकडा दिसत होता. पहिला प्रश्न रिकाम्या जागा, मग जोड्या लावा, पुढे आर्किमिडीजचं तत्त्व, म्हणजे 'बल व दाब' हा धडा. टाकणारा नंबर एका मुलाच्या आईचा. त्यांना मी ताईच म्हणेन, नाव घेत नाही. फोटोखाली एक शब्द नाही. वीस मिनिटं ग्रुप शांत. मग कुणीतरी विचारलं, "हा उद्याचाच पेपर आहे का?" आणि मग जे सुरू झालं ते तुम्हाला माहीत आहे, तुम्हीही अशा ग्रुपवर कधीतरी असालच.

ताईंनी लिहिलं, "चुकून गेला, डिलीट केला." पण फोटो तर सगळ्यांना तिथेच दिसत होता! लोकांनी लिहिलं, "ताई अजून दिसतोय." त्या पुन्हा म्हणाल्या, "माझ्याकडे दिसत नाही, मी केला डिलीट." एकजण म्हणाले, खोटं कशाला बोलता. आणि तिथे मी, मोबाइलमधलं आपल्याला जरा जास्त कळतं या तोऱ्यात, वहिनीच्या नंबरवरून लिहिलं: "फोटोवर फॉरवर्डेड असं आलेलं नाही. म्हणजे हा यांच्याच फोनमधून काढलेला आहे."

त्या वाक्याला अकरा अंगठे आले. ताई ग्रुप सोडून गेल्या.

त्या वाक्यात दोन चुका होत्या आणि ताईंच्या दोन्ही वाक्यांत एकही नव्हती. आधी ताईंचं काय झालं ते सांगते.

व्हॉट्सअ‍ॅपवर आपण पाठवलेला मेसेज दाबून धरला आणि डिलीटचं चिन्ह दाबलं की दोन पर्याय येतात, 'डिलीट फॉर एव्हरीवन' आणि 'डिलीट फॉर मी'. घाबरलेल्या माणसाचं बोट कुठेही पडतं. ताईंचं पडलं 'डिलीट फॉर मी'वर. त्याने मेसेज फक्त आपल्या फोनमधून जातो, बाकी सगळ्यांकडे जसाच्या तसा राहतो. खाली काही सेकंदांसाठी 'अनडू'ची पट्टी येते. तेवढ्यात दाबलं तर मेसेज परत येतो. ते सेकंद गेले की मात्र अडचण अशी होते की आता सगळ्यांकडून काढायला आपल्याकडे दाबून धरण्यासारखा मेसेजच उरत नाही. म्हणजे "माझ्याकडे दिसत नाही" हे अक्षरशः खरं होतं. त्या प्रामाणिकपणे डिलीट करून बसल्या होत्या आणि त्यामुळेच त्यांच्या हातातली किल्ली गेली होती.

अशा वेळी एकच माणूस काही करू शकतो, तो म्हणजे ग्रुपचा अ‍ॅडमिन. 2022 पासून अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो. तिथे मग अ‍ॅडमिनने डिलीट केला अशी ओळ उरते. आमच्या ग्रुपला अ‍ॅडमिन एकट्या वर्गशिक्षिका मॅडम. रविवारी संध्याकाळी त्या एका लग्नाच्या स्वागत समारंभात, फोन पर्समध्ये. त्यांनी 9 वाजून 25 मिनिटांनी फोटो काढला, म्हणजे सूचना आल्यावर पाच मिनिटांनी. तोपर्यंत तो एक तास आणि त्रेचाळीस मिनिटं सगळ्यांच्या समोर होता. वर्गाच्या ग्रुपला निदान दोन अ‍ॅडमिन हवेत, ही साधी गोष्ट. मॅडमनी दुसऱ्याच दिवशी एका पालकांना दुसरं अ‍ॅडमिन केलं.

बरं, अ‍ॅडमिनने काढला म्हणजे गेला का? मी सूचना वाचून आमच्या घरात मोजायला बसले. उगाच, सवय आहे म्हणून.

वहिनीच्या फोनमध्ये फोटो आपोआप डाउनलोड होतात. ग्रुपमधून तो गेला तेव्हा तिच्या गॅलरीतूनही गेला, कारण अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅप आपल्या फोल्डरमधली ती फाइलही सहसा काढतं. पण तिच्या फोनमध्ये गूगल फोटोज व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डरसुद्धा बॅकअप करतं, घरात वायफाय आहे, त्यामुळे एक प्रत तोवर वर जाऊन पोचली होती. ती हाताने काढावी लागली. दादाकडे आयफोन. आयफोनवर व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो 'फोटोज'मध्ये सेव्ह होत असतील, तर पाठवणाऱ्याने डिलीट केलं तरी तिथली प्रत राहते, हे कंपनी स्वतःच सांगते. ती दुसरी. आणि दादाने आठ वाजता माझ्या आत्तेभावाला तो फॉरवर्ड केला होता, "बघ आजकाल काय चालतं" म्हणून. फॉरवर्ड केलेली प्रत हा स्वतंत्र मेसेज असतो. मूळ मेसेज मारला म्हणून तो मरत नाही. ती तिसरी. एका घरात तीन, तेही आमच्या घरात कुणाला पेपर फोडायचा नव्हता तरी. आणि असे 58 नंबर.

अजून एक गोष्ट. पाठवणाऱ्यालासुद्धा सगळ्यांकडून काढायला साधारण दोन दिवसच मिळतात. ती मुदत गेली की 'डिलीट फॉर एव्हरीवन' हा पर्यायच दिसत नाही. शुक्रवारी फुटलेल्या पेपरची सूचना सोमवारी काढून उपयोग नाही. आणि समोरच्याच्या फोनमधून काढणं काही कारणाने जमलं नाही, तर तसं आपल्याला कळवलंही जात नाही.

हे सगळं मी रात्री वहिनीला ऐकवत होते. पुतणी पुस्तक उघडं ठेवून ऐकत होती. आणि मग ती म्हणाली, अगदी हळू आवाजात, "आत्या, तो फोटो कालच आला होता."

"कुठे?"

"ट्यूशनच्या ग्रुपवर. माझ्या मैत्रिणीने मला दाखवला. सरांनी टाकला होता, प्रॅक्टिससाठी म्हणून."

मी म्हटलं, "अगं मग मघाशी का नाही बोललीस?"

ती म्हणाली, "परीक्षेला बसू देणार नाही असं लिहिलंय ना."

इथे मी जरा थांबले होते रेकॉर्डिंग करताना. कारण त्या सूचनेची सगळ्यात मोठी अडचण ही होती, आणि ती मला पोरीने दाखवली. ज्या माणसांना माहीत होतं की पेपर कुठून आला, कधी आला, किती मुलांनी पाहिला, नेमक्या त्याच माणसांना सूचनेने गप्प केलं. ज्याच्याकडे आढळेल त्याच्यावर कारवाई. मग कोण पुढे येऊन सांगेल, "सर, माझ्याकडे आहे, काल रात्रीपासून आहे"? सगळे डिलीट करणार आणि हात जोडणार. मुख्याध्यापक सरांना 'ओके सर' किती आले ते कळलं. पेपर किती पोरांनी पाहिला ते कळायचा रस्ता त्यांनी स्वतःच बंद केला.

मग आठवला तो माझा अकरा अंगठ्यांचा शोध. फॉरवर्डेड लिहिलेलं नाही, म्हणजे फोटो यांचाच.

ते लेबल काय सांगतं आणि काय सांगत नाही, ते ऐका. बाणाचं चिन्ह आणि 'फॉरवर्डेड' दिसलं, तर तो मेसेज त्या माणसाने स्वतः तयार केलेला नाही, दुसरीकडून पुढे ढकललाय, एवढं नक्की. दोन बाण असतील तर तो निदान पाच हातांतून फिरून आलाय. पण लेबल नसलं तर? तर काहीच नक्की नाही. कारण आलेला फोटो गॅलरीत गेला आणि गॅलरीतून परत कुणाला पाठवला, की व्हॉट्सअ‍ॅपच्या दृष्टीने तो नवा कोरा फोटो. लेबल पुसलं जातं. मला हे माहीत होतं हो! अफवांच्या भागात मी स्वतः हे बोलले होते. पण राग आलेला असताना माणूस आपल्याला माहीत असलेलं अर्धंच वापरतो.

साडेदहाला मी ताईंना फोन केला. आधी उचलला नाही. मग वहिनीने केला, तेव्हा उचलला. त्या रडत नव्हत्या, चिडलेल्या होत्या, आणि ते बरोबरच होतं. त्यांच्या मुलाने ट्यूशनच्या ग्रुपवरचा फोटो आईच्या फोनमधून, गॅलरीतून, त्याच्या दोन मित्रांच्या ग्रुपला पाठवायला घेतला होता. दोन्ही ग्रुपच्या नावात '8वी' आहे. बोट चुकलं. बस एवढंच.

मी म्हटलं, "ताई, ट्यूशनच्या ग्रुपवर तो मेसेज असेल ना, वेळेसकट? तोच सरांना दाखवू."

त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या सूचनेत लिहिलं होतं ना सगळ्या ग्रुपमधून काढा. मी काढला. आख्खा ग्रुप क्लिअर केला."

आणि ट्यूशनच्या सरांनीही, शाळेची सूचना कुणीतरी त्यांना पाठवल्यावर, आपला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला होता. शनिवार रात्रीचा मेसेज, रविवारी रात्री दहा वाजता, म्हणजे मुदतीच्या आत. त्यामुळे बाकी मुलांच्या फोनमधूनही गेला. समजलं का काय झालं? ताई निर्दोष आहेत हे सांगणारा जो एकच कागद होता, तो सूचनेप्रमाणे सगळ्यांनी मिळून फाडून टाकला. आणि ताईंनी टाकलेला फोटो मात्र 58 जणांनी पाहिलेला.

शेवटी कामाला आला कचऱ्याचा डबा. ताईंनी घाबरून सगळ्यात आधी फोटो काढला होता तो गूगल फोटोजमधून, आणि तिथून काढलेला फोटो लगेच नष्ट होत नाही. तो 'बिन'मध्ये पडून राहतो, बॅकअप झालेला असेल तर 60 दिवस, नसेल तर 30. मी त्यांना फोनवर सांगत गेले: बिन उघडा, फोटो परत आणा, आता फोटो वर सरकवा, खाली माहिती दिसेल, तिथे फाइलचं नाव काय आहे ते वाचा. त्यांनी एकेक अक्षर वाचलं:

```
IMG-20251011-WA0017.jpg
```

अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅप फोटो साठवताना असं नाव देतं. आधी वर्ष-महिना-दिवस, मग डब्ल्यू-ए आणि त्या दिवसाचा क्रमांक. 11 ऑक्टोबर 2025, म्हणजे शनिवार. ताईंच्या फोनचा कॅमेरा डब्ल्यू-ए वगैरे लिहीत नाही. शिवाय फाइल व्हॉट्सअ‍ॅपच्या आलेल्या फोटोंच्या फोल्डरमधली होती, पाठवलेल्यांच्या नाही. म्हणजे हा फोटो त्यांच्या फोनने काढलेला नाही. तो शनिवारी कुणाकडून तरी व्हॉट्सअ‍ॅपवर आलाय. आता, हा काही कोर्टात टिकेल असा पुरावा नाही, नाव कुणीही बदलू शकतं. पण रविवारी रात्री घाबरलेल्या बाईने बिनमधून काढून दाखवलेला फोटो, मुख्याध्यापकांना पटायला तेवढं पुरेसं होतं.

मग प्रश्न राहिला की ट्यूशनच्या सरांकडे शनिवारी तो आला कसा. इथे सगळ्यांना वाटतं की कुणीतरी कपाट फोडलं, शिपायाला पैसे दिले. असं काहीही नव्हतं. बऱ्याच शाळा सत्र परीक्षेचे पेपर स्वतः काढत नाहीत. तयार छापील संच विकत घेतात, तोच संच आजूबाजूच्या अनेक शाळांत जातो. आमच्या शाळेत विज्ञान सोमवारी होतं. पलीकडच्या एका शाळेत तेच विज्ञान शनिवारी सकाळी झालं. पोरं पेपर हातात घेऊन घरी आली, जसा आपणही आणायचो. एकाने ट्यूशनमध्ये दाखवला, सरांनी सतरंजीवर ठेवून फोटो काढला, "हे सोडवून बघा" म्हणून टाकला. त्या मुलासाठी तो झालेला पेपर होता. आमच्यासाठी उद्याचा. चोर कुणीच नाही, फक्त दोन शाळांची वेळापत्रकं जुळत नाहीत.

आणि हे ओळखता येतं बरं का. फोटो नीट पाहिला असता तर पेपरच्या डोक्यावर शाळेचं नावच नव्हतं, नुसतं 'प्रथम सत्र परीक्षा' आणि इयत्ता, आणि शाळेच्या नावासाठी कोरी रेघ. शाळेने स्वतः काढलेल्या पेपरवर सहसा नाव असतं. कोरी रेघ म्हणजे विकतचा संच. 58 जणांपैकी कुणीही ते पाहिलं नाही. आम्ही सगळे फोटो कुणाच्या नंबरवरून आला तेच बघत होतो.

अकरा वाजता दादाने मुख्याध्यापक सरांना फोन लावला. इतक्या उशिरा म्हणून दादाच कचरत होता, पण सर जागेच होते. साहजिक आहे. आम्ही तीन गोष्टी सांगितल्या: शनिवारपासून फिरतोय, ट्यूशनच्या ग्रुपवर होता, दुसऱ्या शाळेत झालेला पेपर आहे. सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग डिलीट करून काही उपयोग नाही. पोरांनी तो पाठ केला असेल."

मला ते फार आवडलं, खरं सांगते. कारण मुद्दा तोच आहे. फोनमधून काढता येतं, डोक्यातून नाही. माझ्या पुतणीने तो पाहिला होता, तिने काही मागितला नव्हता, मैत्रिणीने डोळ्यांसमोर धरला. आता तिने आर्किमिडीजचं उत्तर मुद्दाम चुकवायचं का?

रात्री साडेअकराला दुसरी सूचना आली. तीनच ओळी. सोमवारी विज्ञानाऐवजी चित्रकला होईल, विज्ञानाचा पेपर शुक्रवारी होईल आणि नवीन प्रश्नपत्रिका असेल. आणि शेवटची ओळ: पेपर कुठे, केव्हा आला याची माहिती असल्यास पालकांनी वर्गशिक्षकांना वैयक्तिक मेसेज करावा, माहिती देणाऱ्या विद्यार्थ्यावर कोणतीही कारवाई होणार नाही. सोमवारी दुपारपर्यंत मॅडमना नऊ जणांचे मेसेज आले होते. आणि त्यातून कळलं की गणिताचा पेपरही त्याच संचातला आहे आणि तो पलीकडे आधीच झालाय. तो ग्रुपवर अजून आलाच नव्हता! म्हणजे डिलीट करायलाही काही नव्हतं. गणितही बदललं.

शाळेला हे जमतं याचं कारण शाळा लहान आहे. आठवीच्या दोन तुकड्या, साधारण 120 पोरं. विज्ञानाच्या बाईंनी चार दिवसांत 40 मार्कांचा नवा पेपर हाताने लिहिला आणि त्याच्या झेरॉक्स काढल्या. मोठ्या परीक्षेत हे फार अवघड. 2018 मध्ये सीबीएसईचा दहावीचा गणिताचा पेपर फुटला, आठवतंय का? 28 मार्चला पेपर होता. आदल्या रात्री मंडळाच्या अध्यक्षांना एक ईमेल गेला, त्यात हाताने लिहिलेल्या प्रश्नांचे फोटो होते. तरी सकाळी पेपर झाला, देशभर. मग बारावीच्या अर्थशास्त्राची परीक्षा 25 एप्रिलला पुन्हा घेतली आणि दहावीच्या गणिताची घेतलीच नाही. त्या ईमेलमागचा माणूस शोधायला पोलिसांना गूगलकडे माहिती मागावी लागली. कळवणारा माणूस नाव लपवतो, कारण त्याला वाटतं आपल्यालाच धरतील. आमच्या पुतणीचंही तेच, फक्त लहान आकारात.

आपल्या राज्य मंडळाचं एक सांगते आणि पुढे जाते. दहावी-बारावीला पूर्वी पेपर वाचायला दहा मिनिटं आधी मिळायची. त्या दहा मिनिटांतच फोटो बाहेर यायला लागले, म्हणून 2023 पासून ती दहा मिनिटं शेवटी देतात. आणि त्याच वर्षी 3 मार्चला बुलढाणा जिल्ह्यात बारावीच्या गणिताची पानं परीक्षेआधी व्हॉट्सअ‍ॅपवर आलीच.

कायद्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं, कारण कारवाई हा शब्द वाचून पालक खरंच घाबरले होते. 2024 चा केंद्राचा पेपरफुटीचा कायदा यूपीएससी, एसएससी, रेल्वे, बँक भरती, एनटीए अशा परीक्षांसाठी आहे. महाराष्ट्राचा 1982 चा कायदा विद्यापीठ, बोर्ड आणि ठरवून दिलेल्या परीक्षांसाठी. आठवीची शाळेतली सत्र परीक्षा म्हणजे बोर्ड नव्हे. तिथे शाळा आपल्या नियमाने काय ते करेल. पण दहावी-बारावीचा पेपर तुमच्या ग्रुपवर आला, तर हा माझा किस्सा आठवून निवांत बसू नका. तिथे तो पुढे पाठवणं हा थेट पोलिसांचा विषय आहे. आणि अ‍ॅडमिन असाल तर एवढं माहीत असू द्या की सदस्याने काही टाकलं म्हणून केवळ अ‍ॅडमिन आहे या कारणाने तो दोषी होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलंय. फक्त तेव्हा अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज काढता येत नव्हता. आता येतो. त्यामुळे बघूनही तसाच ठेवला तर लोक विचारणारच.

मंगळवारी मी सरांना भेटले, ताईही होत्या. मी जरा आगाऊपणाने म्हटलं की सर, पहिल्या सूचनेत क्रम उलटा झाला. आधी 'पुढे पाठवू नका', मग 'कुठून आला ते मॅडमना कळवा', आणि मॅडमनी मिळाला म्हटल्यावर मग 'डिलीट करा', असं हवं होतं. सर म्हणाले, "बाई, मला नऊ वाजता संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला, पेपर फुटला म्हणून. दहा मिनिटांत काहीतरी काढायचं होतं. जुन्या सूचनेत तारीख बदलली." त्यावर मी काय बोलणार. माझ्याकडे तर दहा मिनिटंही नव्हती, तरी मी ताईंवर आरोप करून मोकळी झालेच होते.

ग्रुपवर मी माझ्या नावाने, वहिनीच्या नंबरवरून, लिहिलं: "रविवारी मी जे लिहिलं ते चूक होतं. फोटो ताईंनी काढलेला नव्हता, लेबल नसण्यावरून तसं ठरत नाही. माफ करा." त्याला चार अंगठे आले. अकरा आणि चार. ताईंना मॅडमनी पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं, पण त्या आता काही लिहीत नाहीत, फक्त वाचतात.

शुक्रवारी विज्ञानाचा पेपर झाला. आर्किमिडीज नव्हता आला. पुतणी घरी येऊन आधी चिडली, कारण तिने तो तीनदा पाठ केला होता.